कलर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पर्समधलं पॅन कार्ड

आमच्या महाविद्यालयात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचं उपकेंद्र असतं. त्या रविवारी संयुक्त पूर्व परीक्षा होती आणि मी पर्यवेक्षक म्हणून पहिल्या मजल्यावरच्या वर्गांवर होतो. पेपर अकरा वाजता. प्रवेश प्रमाणपत्रावर शेवटच्या प्रवेशाची वेळ साडेदहा. नऊ वाजून वीस मिनिटांनी दारावरच्या समवेक्षक मॅडमनी मला हाक मारली.

समोर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची एक उमेदवार उभी होती. हातात प्रवेश प्रमाणपत्राची स्वच्छ प्रिंट, निळं बॉलपेन आणि लॅमिनेट केलेलं आधार कार्ड. त्याच आधारची साधी झेरॉक्सही होती, खाली सहीसकट. वरवर पाहता हिच्याइतकं नीट तयारीने कुणी आलं नव्हतं. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं की लॅमिनेशनच्या आतला कागद मूळ नाही, कलर झेरॉक्स आहे.

"सर, हे ओरिजिनलच आहे. मी बारावीपासून हेच वापरतेय," ती म्हणाली.

खोटं बोलत नव्हती. आपल्याकडे लॅमिनेट केलेली कोणतीही गोष्ट ओरिजिनल समजली जाते. झेरॉक्सवाला मूळ पत्राची रंगीत प्रत काढतो, खालचा कार्डाएवढा तुकडा कापतो, प्लास्टिकमध्ये घालतो आणि वीस-तीस रुपयांत हातावर ठेवतो. मूळ पत्र घरी कपाटात किंवा माहेरी ट्रंकेत जातं आणि दहा वर्षं तो तुकडाच 'आधार कार्ड' म्हणून फिरतो. त्यामुळे दारावर 'मूळ दाखवा' म्हटलं की उमेदवाराला खरंच कळत नाही आपल्याकडे काय मागतायत.

मी ते कार्ड खिडकीपाशी नेलं. प्रत ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. प्रतीत तिरंग्याच्या पट्ट्यांचे रंग सपाट आणि कडेला थोडे सरकलेले दिसतात. फोटोतल्या चेहऱ्याच्या सावल्या जाऊन एक काळसर डाग उरतो. मुख्य खूण म्हणजे क्यूआर कोड. मूळ छपाईत त्याचे ठिपके सुटे असतात, रंगीत प्रतीत ते बऱ्याचदा एकमेकांत मिसळून जातात. या कार्डावर आणखी एक गोष्ट होती: मूळ कागदाची घडी. घडीची रेघ कागदावर उमटलेली होती, पण बोट फिरवलं तर लागत नव्हती. म्हणजे घडी दुसऱ्याच कागदाला पडली होती आणि इथे तिचं चित्र आलं होतं.

मी म्हटलं, "ताई, हे चालणार नाही. मूळ आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन किंवा स्मार्ट कार्डवालं ड्रायव्हिंग लायसन्स, यांतलं काही आहे का?"

ती रडवेली झाली. "घरी आहे. घर पन्नास किलोमीटर."

---

इथे थोडं थांबून सांगतो, कारण बाहेर उभ्या असलेल्या पालकांचा नेमका याच जागी संताप होतो. 'झेरॉक्सवर नाव आहे, फोटो आहे, नंबर आहे, अजून काय पाहिजे? आणि झेरॉक्स चालत नाही तर मग झेरॉक्स सोबत आणा असं लिहिता कशाला?'

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आयोगाच्या सूचनेत मूळ ओळखपत्र आणि त्याची छायांकित प्रत अशा दोन्ही गोष्टी मागितलेल्या असतात, आणि त्यांची कामं वेगळी आहेत. मूळ ओळखपत्र आम्ही बघतो आणि परत देतो. प्रत ठेवायची असते. उद्या कुणी तक्रार केली, निवड झालेला माणूस आणि परीक्षेला बसलेला माणूस एकच का असा प्रश्न आला, तर त्या दिवशी दारावर काय दाखवलं होतं याचा कागद हाताशी लागतो. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेतही असंच, कॉल लेटरसोबत ओळखपत्राची प्रत जोडून द्यावी लागते आणि मूळ दाखवावं लागतं. तेव्हा प्रत ही मूळ पाहिल्याची नोंद झाली. मूळ पाहिलंच नाही तर नोंद कशाची ठेवायची?

आता पहिला प्रश्न. प्रवेश प्रमाणपत्रावरचा फोटो कुणी दिलेला असतो? उमेदवारानेच, अर्ज भरताना अपलोड करून. डमी बसवायचा असेल तर घोटाळा तिथूनच सुरू होतो. मध्य प्रदेशातल्या व्यापम प्रकरणात प्रवेशपत्रांवरच्या फोटोंशी केलेले खेळ उघड झाले होते. म्हणजे दारातला चेहरा आणि प्रवेशपत्रावरचा फोटो जुळले, तरी त्यातून फार काही सिद्ध होत नाही. तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो उमेदवाराच्या हातातला नसावा लागतो. आधारचा फोटो केंद्रावर ऑपरेटरने काढलेला असतो, लायसन्सचा आरटीओत काढलेला असतो. ती छपाई उमेदवाराने केलेली नसते. चेहरा, प्रवेशपत्र आणि ओळखपत्र अशी तिन्हीची गाठ दारावर घालायची असते.

झेरॉक्स काढली की तो तिसरा साक्षीदार पुन्हा उमेदवाराच्या हातात येतो. मूळ कार्डावर फोटो बदलायचा तर खरवडावं लागतं, चिकटवावं लागतं, कड दिसते, बोटाला लागते. तेच कार्ड एकदा मशीनवर ठेवून प्रत काढली की कड नाहीशी होते. पॅन कार्डावरचा होलोग्राम प्रतीत काळा किंवा करडा चौकोन होतो, मग तो खरा होता की नव्हता हे कोण सांगणार? खाली 'सत्यप्रत' लिहून स्वतःची सही केली तर ते उमेदवाराचं स्वतःबद्दलचंच म्हणणं झालं. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का असला तरी तो अधिकारी सकाळी साडेनऊला दारावर विचारायला हजर नसतो. 'नीट'च्या माहितीपत्रकात तर स्पष्टच म्हटलेलं असतं की साक्षांकित असली तरी ओळखपत्राची छायाप्रत चालणार नाही, आणि मोबाइलमधला फोटोही नाही.

शिवाय वेळेचा हिशोब आहे. एका वर्गात चोवीस उमेदवार, दारावर एक समवेक्षक, हातात ना स्कॅनर ना माहितीकोष. एका माणसाला मिनिटभर मिळतं. त्या मिनिटात बोट फिरवून, उजेडात धरून जेवढं कळेल तेवढंच कळणार, आणि ते फक्त मूळ कार्डावरच कळतं.

एवढं सगळं मला तोंडपाठ होतं. तरी झेरॉक्स नाकारण्याचं आणखी एक कारण असतं, ते त्या दिवशी या मुलीने मला दाखवून दिलं.

---

मी तिला म्हटलं, अजून तासभर आहे, ई-आधार काढून आणा. आयोग ई-आधार मानतो, फक्त काही अटी आहेत: प्रिंट रंगीत हवी, फोटो स्पष्ट हवा, नाव, पत्ता, लिंग, जन्मतारीख हे सगळं दिसायला हवं, आणि आधार निर्मितीचा व डाउनलोड केल्याचा असे दोन्ही दिनांक हवेत. हे दिनांक फोटोच्या कडेला बारीक अक्षरात उभे छापलेले असतात. बरेच झेरॉक्सवाले कार्ड सुबक दिसावं म्हणून कडा कापतात आणि त्या कापलेल्या पट्टीबरोबर दिनांकही जातात. म्हणून मी नेहमी सांगतो, पूर्ण ए-फोर कागद आणा, कापू नका, लॅमिनेट करू नका.

तिच्या पर्समधल्या मोबाइलात डिजिलॉकरही होतं. "त्यात आधार आहे सर, ते सरकारीच ना?" सरकारीच. डिजिलॉकरमधून आलेल्या कागदांना मूळ कागदाचा दर्जा देणारा नियम 2017 पासून आहे. पण परीक्षा कक्षात मोबाइलच न्यायचा नाही, तर त्यातला कागद दाखवणार कसा? मोबाइल हातात घेऊन कुणालाही दारापर्यंत सोडलं तर ब्लूटूथवाल्यांचं काम आम्हीच सोपं केलं असं होईल. मला व्यक्तिशः हा नियम थोडा बदलावासा वाटतो, फाटकावर एखाद्या टेबलाशी क्यूआर तपासायची सोय करता येईल. पण ती सोय नाही तोवर उमेदवाराने तिच्यावर विसंबू नये.

तिचे यजमान फाटकाबाहेर मोटरसायकल लावून उभेच होते. आधारला जोडलेला नंबर त्यांचाच निघाला, हे नशीब. बहुतेक वेळा तो नंबर गावी असलेल्या वडिलांचा असतो, वडील रानात असतात आणि ओटीपी ऐकू येईपर्यंत दहा मिनिटं उलटतात. चौकातल्या दुकानात जाऊन त्यांनी `myaadhaar.uidai.gov.in` वरून फाइल उतरवली. तिला पासवर्ड असतो: इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष, म्हणजे सुनीता 1998 असेल तर `SUNI1998`. तिथला प्रिंटर काळा-पांढरा होता. रंगीत प्रिंटसाठी ते बसस्थानकाजवळच्या दुसऱ्या दुकानात गेले. दहाला पाच कमी असताना परत आले, घामाने डबडबलेले, हातात कोरा करकरीत कागद.

मी तो हातात घेतला. रंगीत, दोन्ही दिनांक जागेवर, फोटो स्पष्ट. नाव वाचलं आणि प्रवेश प्रमाणपत्र शेजारी धरलं.

प्रवेश प्रमाणपत्रावर तिचं माहेरचं नाव होतं. ई-आधारवर मधलं नाव पतीचं आणि आडनाव सासरचं.

मी जुनं लॅमिनेशन पुन्हा पाहिलं. त्यावर माहेरचं नाव, प्रवेशपत्राशी तंतोतंत जुळणारं.

"आधारवर नाव कधी बदललं?"

"दीड वर्ष झालं. लग्नानंतर रेशनकार्डात नाव घालायचं होतं म्हणून." मग थोडं थांबून म्हणाली, "सर, म्हणूनच जुनं आणलं. नवीन घरी होतं, पण त्यावरचं नाव हॉलतिकिटाशी जुळत नव्हतं ना."

तिने फसवायचा विचार केला नव्हता. उलट सूचना नीट वाचल्या होत्या, 'ओळखपत्रावरचं नाव प्रवेश प्रमाणपत्राशी जुळावं' हे तिच्या डोक्यात होतं, म्हणून जुळणारी प्रत शोधून आणली होती. पण प्रतीची खोड हीच. ज्या दिवशी काढली त्या दिवशीचं चित्र तिच्यात अडकून राहतं. त्यानंतर मूळ नोंद बदलली, कार्ड रद्द झालं, पत्ता पालटला, काहीही झालं तरी प्रत आपली जुनंच सांगत राहते. खोटी नसलेली प्रतही अशी चूक माहिती देते. आम्ही सकाळी ते लॅमिनेशन दयाबुद्धीने चालवून घेतलं असतं, तर आयोगाच्या नोंदीत जोडलेल्या कागदावर असं नाव राहिलं असतं जे आधारच्या नोंदीत त्या दिवशी नव्हतंच. पुढे कागदपत्र पडताळणीत ते तिच्याच अंगावर आलं असतं.

---

आता साडेदहाला पस्तीस मिनिटं राहिली होती आणि अडचण आधीपेक्षा वाढली होती. नावात बदल असेल तर आयोग पुरावा मागतो: विवाहित स्त्रियांच्या बाबतीत विवाह निबंधकाने दिलेला दाखला, किंवा नावबदलाचं राजपत्र, किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा तसा दाखला, आणि सोबत त्याची छायांकित प्रत. तिच्याकडे यांतलं काही नव्हतं. यजमानांनी मोबाइलात लग्नपत्रिका शोधून काढली. पत्रिकेवर दोघांची नावं, दोन्हीकडची घराणी, मामांची रांग, सगळं होतं. मला हसू आवरेना आणि वाईटही वाटलं. छापखान्याला पैसे दिले की कुणाचीही पत्रिका छापून मिळते, ती पुरावा कशी होणार?

"लग्नाची नोंदणी केली होती का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केली नव्हती.

मी उपकेंद्र प्रमुखांना बोलावलं. ते शांत माणूस. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाई, तुमचं बँकेत खातं कोणत्या नावाने आहे?"

"माहेरच्याच. बदलायचं राहिलंय."

"मग पॅन?"

"तेही जुनंच आहे."

"कुठे आहे?"

तिने पर्सकडे बोट दाखवलं. पर्स फाटकाजवळच्या सामानाच्या ढिगात होती. पॅन कार्ड आत होतं, एटीएम कार्डाच्या मागे, एका वाणसामानाच्या यादीत गुंडाळलेलं. सकाळपासून तिने ते बाहेर काढलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते पैशाच्या व्यवहाराचं कार्ड होतं, ओळखीचं नव्हे. मी सकाळी यादीत पॅनचं नाव घेतलं होतं, पण घाबरलेल्या माणसाला पाच नावांच्या यादीतलं फक्त पहिलं ऐकू येतं. दोष माझाही आहे. एकेक नाव घेऊन पर्समध्ये बघायला सांगितलं असतं तर पन्नास मिनिटं वाचली असती.

पॅन कार्डावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. फोटो कॉलेजच्या काळातला, दोन वेण्या आणि जाड फ्रेमचा चष्मा. चेहरा बराच बदलला होता. कान आणि हनुवटी मात्र तीच होती, आणि डाव्या भुवईवरचा व्रणही. शिवाय पॅनवर एक गोष्ट असते जी आधारवर नसते: सही. मी तिला कोऱ्या कागदावर सही करायला सांगितली. प्रवेश प्रमाणपत्रावर छापलेली सही, पॅनवरची सही आणि समोर केलेली सही, तिन्हींत पहिल्या अक्षराची वेलांटी मागे खेचलेली. होलोग्राम तिरपा केला की रंग बदलत होता. यात आता संशयाला जागा नव्हती.

राहिली छायांकित प्रत. सकाळी आणलेली आधारची प्रत इथे निरुपयोगी होती, कारण दाखवलेलं मूळ आणि ठेवायची प्रत एकाच ओळखपत्राची हवी. यजमान पुन्हा धावले. या वेळी काळी-पांढरी झेरॉक्स पुरेशी होती, कारण ती फक्त नोंदीला लागणार होती. दहा वाजून एकवीस मिनिटांनी प्रत आली, तिने सही केली आणि वर्गात जाऊन आपल्या बाकावर बसली.

त्याच सकाळी तळमजल्यावर एक मुलगा मात्र परत गेला. त्याच्याकडे मोबाइलात आधारचा फोटो होता आणि हातात शिकाऊ लायसन्सचा कागद. तो सव्वादहानंतर आला होता. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला, म्हणून ओटीपीचाही मार्ग नाही. बंद नंबरवर काहीच करता येत नाही. नंबर बदलून घ्यायला वेळ लागतो, आणि रविवारी सकाळी सव्वादहाला ते होणार नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की बँकेच्या परीक्षेला हे चाललं असतं. चाललं नसतं, आयबीपीएसच्या सूचनेत शिकाऊ लायसन्स आणि रेशनकार्ड दोन्ही नावानिशी नाकारलेली आहेत. पण त्याचा गोंधळ मी समजू शकतो, कारण याद्या खरंच वेगवेगळ्या असतात. 'नीट'ला फोटो असलेलं रेशनकार्ड किंवा बारावीच्या बोर्डाचं प्रवेशपत्र चालत आलं आहे, पण वर पोस्टकार्ड आकाराचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटोही लागतो. यूपीएससीला जे ओळखपत्र अर्जात भरलं आणि ज्याचा नंबर ई-प्रवेशपत्रावर छापला गेला, तेच न्यावं लागतं. मागच्या परीक्षेला काय चाललं, या आठवणीवर म्हणून जाऊ नये. प्रवेशपत्राच्या मागच्या पानावरची यादी त्या-त्या परीक्षेची असते.

---

पेपर बारा वाजता सुटला. ती जिना उतरून सरळ माझ्याकडे आली. पेपर कसा गेला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"सर, मुख्य परीक्षेला हेच पॅन चालेल ना?"

"चालेल. पण तोवर त्यावरचं नाव बदलू नका. बँकेवाले मागे लागतील आधार-पॅन एका नावाचं करा म्हणून. तसं केलंत की तुमच्याकडे माहेरच्या नावाचं एकही ओळखपत्र उरणार नाही. त्याआधी लग्नाची नोंदणी करून दाखला घ्या, मग हवं ते बदला. दाखला मूळ आणि त्याची प्रत, दोन्ही प्रवेशपत्राला टाचून ठेवा."

"नोंदणी कुठे करायची?" यजमानांनी विचारलं.

"गावात असाल तर ग्रामपंचायतीतच. ग्रामसेवकच विवाह निबंधक असतात. दोघांची वयाची नि पत्त्याची कागदपत्रं, तीन साक्षीदार, आणि हो, ती लग्नपत्रिका. तिथे मात्र ती कामाला येते."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि गाडीची किल्ली काढली. "ग्रामसेवक मंगळवारी येतात," ते तिला म्हणाले. "मंगळवारी दुपारपर्यंत सुट्टी टाकतो."